अण्णांच्या नोंदवहीतली गाडी

आमच्या बांधकामावरचे ज्येष्ठ साइट इंजिनिअर म्हणजे अण्णा. मला काँक्रीट कळलं ते त्यांच्यामुळे. त्यांचा एक सल्ला मालकाने धुडकावला, त्याची ही हकिकत.

मे महिन्याची दुपार होती, गच्चीचा स्लॅब पडत होता. रेडीमिक्सची गाडी वाहतुकीत अडकून उशिरा पोचली आणि माल घट्ट झाला होता. कामगारांनी गाडीच्या ड्रममध्ये पाइप सोडायला घेतला. अण्णा आडवे आले. म्हणाले, "पाणी घालू नका. प्लांटच्या माणसाला बोलवा, तो रसायन घालून माल पातळ करेल. नाहीतर गाडी परत पाठवा." मालकाला काम थांबवायचं नव्हतं. पाणी घातलं गेलं.

अण्णांचा हिशोब सोपा होता. एका घनमीटर मालात ३४० किलो सिमेंट आणि १६० लिटर पाणी असेल, तर पाण्याचं सिमेंटशी प्रमाण ०.४७ होतं. वर २० लिटर घातलं की ते ०.५३ वर जातं. सिमेंटला रासायनिक क्रियेसाठी एवढं पाणी लागत नाही. जादाचं पाणी उडून जातं आणि मागे बारीक छिद्रं राहतात. त्याने ताकद तर घटतेच, शिवाय पावसाचं पाणी आणि हवा सळईपर्यंत पोचायला वाट मिळते.

तरी अठ्ठावीस दिवसांनी ठोकळ्यांची चाचणी उत्तीर्ण झाली. मालकाला वाटलं, अण्णा उगाच घाबरवत होते. पण ते ठोकळे पाणी घालण्याआधीच्या मालातून भरले होते. अहवाल खरा होता, फक्त तो स्लॅबमध्ये पडलेल्या मालाचा नव्हता. ही चूक मला सर्वांत घातक वाटते, कारण कागदोपत्री सगळं ठीकच दिसतं.

काही पावसाळ्यांनंतर गच्चीखालच्या एका भागात तपकिरी डाग उमटले, मग पापुद्रे सुटले. गळती खराब वॉटरप्रूफिंगनेही होते, सळईवर काँक्रीटचं आवरण कमी पडलं तरी गंज चढतो. म्हणून तपासणाऱ्यांनी आधी आवरण मोजलं. ते पुरेसं होतं. मग दंडगोल नमुने कापून काढले. ताज्या कापावर फिनॉल्फ्थॅलीन लावलं, की शाबूत काँक्रीट गुलाबी होतं. या भागात ते सळईपर्यंत रंगहीनच राहिलं, म्हणजे सळईला गंजापासून राखणारा काँक्रीटचा क्षारगुण संपला होता. ताकदही कमी भरली. शेजारच्या भागातले नमुने मात्र उत्तम निघाले.

दोन्ही भागांत फरक काय, ते अण्णांच्या नोंदवहीत सापडलं. गाडीचा नंबर, ती आल्याची वेळ, तिचा माल कुठल्या खांबांच्या मधे पडला, आणि पुढे लिहिलेलं: पाणी घातलं, माझा विरोध. डाग नेमके त्याच खांबांच्या मधे होते. म्हणूनच अण्णा खरे ठरले असं मी ठामपणे म्हणतो. स्लॅब बिघडला एवढ्यावरून तसं म्हणता आलं नसतं. त्यांनी आधी सांगितलेलं कारणच नंतर सापडलं.

तुमच्या इमारतीचा स्लॅब पडताना कुणी गाडीत पाणी सोडलं, तर काम थांबवायला सांगा. कुणी ऐकलं नाही, तर निदान त्यानंतरच्या मालातून ठोकळे भरून घ्या आणि गाडीचा नंबर व जागा लिहून ठेवा.