सरकलेल्या चित्राची बाकी

चेंडू सीमारेषेकडे पळतो आणि कॅमेरा त्याच्यामागे वळतो. त्या दोन सेकंदांत पडद्यावरच्या जवळजवळ प्रत्येक बिंदूची जागा बदलते. फलक, गवत आणि प्रेक्षक मात्र तेच असतात, नुसते सरकलेले.

1920 बाय 1080 बिंदूंचं एक चित्र, बिंदूला तीन बाइट धरले, तर सुमारे 62 लाख बाइटचं होतं. सेकंदाला अशी 25. म्हणून एन्कोडर चित्रांचे गट पाडतो. गटाच्या सुरुवातीची आय-फ्रेम स्वतःपुरती पूर्ण असते. पुढच्या पी-फ्रेम आधीच्या चित्रावरून अंदाज बांधतात आणि बी-फ्रेम मागच्या-पुढच्या दोन्ही चित्रांचा आधार घेऊ शकतात. या गटाला ‘ग्रुप ऑफ पिक्चर्स’ म्हणतात.

अंदाज बांधायचा म्हणजे जुनं चित्र नव्यातून वजा करायचं, एवढं सोपं नाही. 16 बाय 16 बिंदूंचा एक चौकोन घ्या. त्यात गडद गवत (तेजस्विता 40) आणि पांढरा फलक (200) यांची उभी कड आहे. कॅमेरा वळल्यामुळे ती तीन बिंदू सरकली. जागच्या जागी वजाबाकी केली, तर 256 पैकी 48 बिंदूंवर 160 चा फरक उरतो. जिथे एक कड होती, तिथे आता पट्टा आणि त्याच्या दोन कडा! अशी बाकी मूळ चौकोनापेक्षाही महाग पडू शकते.

एन्कोडर आधी शोध घेतो: हा चौकोन मागच्या चित्रात कुठे होता? उत्तर ‘तीन बिंदू डावीकडे’ असं दोन आकड्यांत मावतं; तोच मोशन व्हेक्टर. तिथला तुकडा उचलून वजाबाकी केली की उरतं 1, 0, –1, 2 असं काहीतरी, बहुतेक कॅमेऱ्याची खरखर. मग या बाकीचं वारंवारतांमध्ये रूपांतर होतं आणि प्रत्येक आकडा ठरावीक पायरीने, समजा 10 ने, भागून पूर्णांकात आणला जातो. बाकी लहान असल्याने जवळजवळ सगळे आकडे शून्य होतात, आणि शून्यांची रांग लिहायला फार थोडे बिट लागतात. 2003 च्या एच.264 मानकात तर ‘हा चौकोन वगळा’ एवढंही सांगता येतं.

शोध नेहमी यशस्वी होत नाही. कॅमेऱ्याचे फ्लॅश, उसळतं पाणी, कागदी चमचमाट यांना मागच्या चित्रात जोडीदारच सापडत नाही. तेव्हा एन्कोडर पी-फ्रेममध्येही तो चौकोन स्वतंत्रपणे साठवतो. बिट तेवढेच मिळणार असतील, तर विजयाच्या जल्लोषात चित्र चौकोनी चौकोनी दिसू लागतं.

खरा धोका साखळीचा आहे. प्रक्षेपणात एक तुकडा हरवला, तर पुढच्या चित्रांतही तो डाग उतरतो. नव्या हालचालीबरोबर जुन्या चेहऱ्याचे राखाडी चौकोन ओढले जाताना दिसले, की समजावं, संदर्भाची फ्रेम बिघडली आहे. पुढची आय-फ्रेम आली की चित्र सहसा एकदम स्वच्छ होतं.

गट लांब ठेवला की फाइल लहान होते, पण दुरुस्तीला आणि मधूनच पाहायला उशीर लागतो. x264 या एन्कोडरमध्ये गटाची कमाल लांबी मुळात 250 चित्रांची असते. सेकंदाला 25 चित्रं असतील, तर ते दहा सेकंद झाले. थेट प्रक्षेपणासाठी ती मर्यादा कमी करून घ्यावी.