नावावर पडणारं यमक

उखाण्याची रचना बारकाईने पाहिली तर जाहिरातीची ओळ कशी लिहू नये ते कळतं. उखाण्यात यमक एकीकडे जुळलेलं असतं आणि नाव मधल्या मोकळ्या जागेत बसतं. म्हणून एकच उखाणा दहा लग्नांत चालतो, फक्त नाव बदलायचं. घरच्या कार्यात ही सोय फार चांगली. पण पंधरा सेकंदांच्या जाहिरातीत हीच सोय घात करते. ओळ लक्षात राहते, नाव कोणाचं होतं ते विसरतं.

एक कल्पित उदाहरण घेऊ. समजा, ‘झेल’ नावाची एक छत्री आहे. पहिल्या झटक्यात सुचतं ते असं: ‘झेल छत्री किती छान, पावसाळ्यात तिचीच शान.’ यमक बिनचूक आहे. पण ‘झेल’ काढून दुसऱ्या कुठल्याही छत्रीचं नाव घाला, ओळ तशीच धावते. शिवाय कानात उरतात ते ‘छान’ आणि ‘शान’, आणि हे दोन शब्द छत्रीपासून साबणापर्यंत कशालाही लागतात. नाव बदलून पाहण्याची ही चाचणी मी प्रत्येक ओळीला लावते, आणि बहुतेक ओळी इथेच गळतात.

मग नावच यमकाच्या जागी आणायचं. ‘ऊन-पावसाचा खेळ, सोबतीला हवी झेल.’ आता नाव शेवटी आलं, पण ‘खेळ’मध्ये ळ आहे आणि ‘झेल’मध्ये ल. कागदावर डोळा फसतो, मराठी कान फसत नाही. जुळता जुळता राहिलेलं यमक त्याला खुपतं. आणि कान तिथे अडकला की नाव निसटतं. ‘झेल’शी खरोखर जुळणारे शब्द थोडे आहेत: तेल, वेल, पेल. यातला ‘पेल’ कामाचा, कारण छत्रीला वाराही पेलावा लागतो. तिथून ओळ येते:

‘वारा पेल, पाऊस झेल.’

इथे नाव काढताच येत नाही. ते एकाच वेळी नावही आहे आणि छत्रीचं कामही. ‘पेल’ ऐकल्याबरोबर कान जोडीच्या शब्दाची वाट पाहू लागतो, आणि ती जागा नावच भरतं. ‘आहे’सारखं क्रियापद कुठेच नाही. आपल्या म्हणीही अशाच असतात: ‘दाम करी काम’, ‘आधी पोटोबा, मग विठोबा’. मधे एक विसावा, दोन्हीकडे तोललेलं वजन, फालतू शब्द नाही. आणि ही ‘तू’ची भाषा कोणाला उद्देशून? छत्रीला. त्यामुळे वयस्कर गिऱ्हाइकाला अरे-तुरे केल्यासारखंही वाटत नाही.

आता ठेका. ‘पेल’, ‘पाऊस’ या शब्दांचा शेवटचा अ आपण बोलताना उच्चारत नाही. म्हणून गाताना तुकडे पडतात ते असे: वा, रा, पेल्, पा, ऊस्, झेल्. तीन आणि तीन, सगळे दीर्घ. प्रत्येक तिनानंतर एक मात्रा मोकळी सोडली की आठ मात्रा होतात, म्हणजे केरव्याचं एक आवर्तन. मिनिटाला 120 ठोक्यांच्या गतीने त्याला 4 सेकंद लागतात. जाहिरातीत ओळ दोनदा गायली तर 8 सेकंद गेले. उरलेल्या 7 सेकंदांत निवेदकाला पंधराएक शब्द सुखाने बोलता येतात. किंमत, रंग, हमी हे सगळं त्यात कोंबायचा आग्रह होतो, तेव्हा गती वाढवली जाते आणि ओळ मोडते.

ती कुठे मोडते तेही ठरलेलं आहे. ‘ऊस्’चा स आणि ‘झेल्’चा झ शेजारी आहेत. गती वाढली की स पुढच्या झला गिळतो आणि ऐकणाऱ्याला भलतंच काहीतरी ऐकू येतं. त्यामुळे गायकाने झ ठोक्यावर स्वच्छ टाकायचा आणि त्या क्षणी पावसाचा आवाज बंद करायचा. हे स्टुडिओतल्या मोठ्या स्पीकरवर कळत नाही. साध्या मोबाइलवर, स्वयंपाक करणाऱ्या माणसाला एकदाच ऐकवावं, वीस मिनिटांनी ‘छत्री कुठली?’ विचारावं. नुसती चाल गुणगुणली आणि नाव आठवलं नाही, तर दोष ओळीचा किंवा त्या झचा.

हिंदीवरून मराठीत आणलेल्या जाहिरातींत हे सहसा साधत नाही, कारण चाल आधीच ठरलेली असते आणि एका ठोक्याच्या ‘है’च्या जागी दोन अक्षरांचं ‘आहे’ दाबून बसवावं लागतं. अशा वेळी वाक्याचं भाषांतर सोडून द्यावं. नाव कोणत्या ठोक्यावर पडतंय तेवढं धरावं आणि त्याच्या आधीचा शब्द मराठीत नव्याने शोधावा. नाव लांबलचक किंवा इंग्रजी असेल तर त्याच्या शेवटच्या दोन अक्षरांपुरतं यमक शोधलं तरी चालतं, मात्र नाव ओळीच्या शेवटीच यायला हवं.