जुन्या पुस्तकांचं उजळ दुकान

१९९० साली जपानमध्ये 'बुकऑफ' सुरू झालं, तेव्हा जुन्या पुस्तकांची दुकानं अंधारी आणि कोंदट असत. बुकऑफनं भरपूर दिवे लावले, पुस्तकं पुसली, पिवळ्या पडलेल्या कडा यंत्रानं घासल्या. साधारण निम्म्या किमतीत स्वच्छ प्रत मिळते, हे गिऱ्हाइकाला हातात घेताच कळू लागलं.

मला अधिक मोलाचं वाटतं ते विकणाऱ्याशी वागणं. 'आम्ही विकत घेतो' असं न म्हणता त्यांनी 'वाचून झालेली पुस्तकं आम्हाला विका' अशी नम्र विनंती केली. दर ठरे तो मुख्यतः पुस्तकाच्या स्थितीवर, त्यामुळे घासाघीस उरली नाही. मात्र दुर्मीळता मोजली न गेल्यानं मौल्यवान पुस्तकंही स्वस्तात जात आणि जाणकार ती उचलून दुसरीकडे चढ्या भावानं विकत.