मुदतवाढ मागताना काम कुठे अडलंय ते लिहा

तापाने आडवा झालेला विद्यार्थी लॅबच्या सरांना ‘बरं नाही, मुदत वाढवा’ एवढंच लिहितो, तेव्हा सरांना काहीच ठरवता येत नाही. प्रोसेसरच्या असाइनमेंटमध्ये अडचण नेमकी सांगता येते. उदाहरणार्थ: ‘सर, पाच टप्प्यांची पाइपलाइन तयार आहे, बेरीज-वजाबाकीच्या चाचण्या बरोबर येतात. पण मेमरीतून वाचलेली किंमत लगेच पुढच्याच सूचनेला लागली, तर जुनी किंमत वापरली जाते. तिथे एक क्लॉक थांबवणारं सर्किट राहिलंय. डॉक्टरांचं प्रमाणपत्र जोडलंय. सोमवारऐवजी गुरुवारी दिलं तर चालेल का?’ निकाल परस्पर पुढे पोचवून ही चूक सुटत नाही, कारण किंमत मेमरीच्या टप्प्याअखेरीसच हाती येते. हे सरांना ठाऊक असतं. मेल मात्र मुदत संपण्याआधीच पाठवा.