घसा खवखवतो तेव्हा

चिपळूणमध्ये सकाळपासून पाऊस कोसळत होता. संध्याकाळी सात वर्षांची मीरा कुरकुरली, "आजी, घशात टोचतंय गं." आजीने कपाळाला हात लावला, मग बॅटरीच्या उजेडात घसा पाहिला. ताप नाही, पांढरे ठिपके नाहीत. म्हणजे काढा चालेल.

पातेल्यात दोन कप पाणी, ठेचलेलं आलं, चार मिरे आणि ज्येष्ठमधाची छोटी काडी. मंद आचेवर पाणी निम्मं झाल्यावर तिने गॅस बंद केला, तुळशीची पानं टाकली आणि लगेच झाकण ठेवलं. पानं उकळत राहिली की त्यांचा वास वाफेबरोबर निघून जातो.

"मध घाल ना!"

"कोमट होऊ दे, बाळा."

मीराला पाव कपच मिळाला. आलं-मिरी जास्त झाली तर दुखरा घसा आणखी जळतो. खरा आराम मध आणि ज्येष्ठमध देतात. आजी स्वतः मात्र हा काढा घेत नाही. तिला रक्तदाब आहे, आणि ज्येष्ठमधाने तो वाढू शकतो. मीराच्या आठ महिन्यांच्या भावालाही नाही, कारण वर्षाच्या आतल्या बाळाला मध द्यायचा नसतो.

"ताप चढला किंवा गिळता येईना, तर सरळ डॉक्टरकडे न्या," तिने सुनेला बजावलं.