बॉयलर अटेंडंटची तोंडी परीक्षा
लेखांक ४ : काच रिकामी दिसली तर?

मागच्या आठवड्यात आपण द्वितीय वर्ग आणि प्रथम वर्ग ही दोन प्रमाणपत्रे आणि त्यांसाठी लागणारा अनुभवाचा दाखला पाहिला. आता परीक्षकांसमोरच्या खुर्चीत बसू. तिथे प्रश्न अनेक येतात, पण या लेखांकात एकच घेऊ. गेज ग्लासमध्ये पाणी दिसत नाही, काय कराल? या एका उत्तरातून उमेदवाराच्या हाती बॉयलर सोपवावा की नाही, याचा परीक्षकांना बराच अंदाज येतो.

उत्तर तयार करताना समोर आपला स्वतःचाच बॉयलर ठेवा. उदाहरणादाखल इचलकरंजीच्या एखाद्या प्रोसेस हाऊसमधला तासाला दोन टन वाफ देणारा, साडेदहा किलो दाबाचा, तेलावर चालणारा स्मोक ट्यूब बॉयलर घेऊ. पूर्ण भार असेल तर तो मिनिटाला साधारण ३३ किलो पाणी वाफ करून बाहेर पाठवतो. आत पाण्याचा पृष्ठभाग चारएक चौरस मीटर धरला, तर फीड पंप बंद पडल्यावर पातळी मिनिटाला नऊ-दहा मिलिमीटर खाली येते. काचेच्या मध्यापासून तळापर्यंत शंभर मिलिमीटर अंतर असेल, तर अर्धी काच दहाएक मिनिटांत रिकामी होते. एवढा हिशेब सांगितला की चहाला जातानाही बॉयलरवर दुसरा माणूस का हवा, हे वेगळे सांगावे लागत नाही.

काचेचा दिसणारा तळ फर्नेसच्या माथ्यापेक्षा आणि वरच्या ट्यूबपेक्षा थोडा उंच ठेवलेला असतो. म्हणजे पाणी काचेतून नुकतेच गेले असेल तर पत्रा अजून पाण्याखाली असू शकतो. पण ते कधी गेले हे पाहिले नसेल, तर पत्रा उघडा पडला आहे असेच धरून चालायचे. साडेदहा किलो दाबाला आतले पाणी सुमारे १८५ अंशांवर असते आणि ज्वाळेलगतच्या पत्र्याची उष्णता तेच ओढून नेते. पाणी सरकले की पत्रा काही मिनिटांत लाल होतो, त्याची ताकद जाते आणि दाबाखाली तो आत बसू लागतो.

म्हणून पहिली कृती आग बंद करण्याची. "साहेब, आधी बर्नर बंद करीन, मग काच तपासीन," हा क्रम तोंडात पक्का हवा. काच तपासण्यात गेलेला प्रत्येक क्षण आग पत्र्यावर चालूच असते. तेल किंवा गॅसचा बर्नर बटणाने बंद होतो. कोळसा, लाकूड किंवा बगॅसवरच्या बॉयलरला मात्र इंधन थांबवले तरी जाळीवरचा थर उष्णता देतच राहतो. तिथे इंधन तोडायचे, एफडी फॅन बंद करायचा, डॅम्पर लावायचे आणि थर ओल्या राखेने झाकायचा. त्यावर पाणी ओतायचे नाही.

दुसरी कृती पाणी न देण्याची. इथे चांगले चांगले उमेदवार अडकतात, कारण पाणी कमी आहे म्हणताच हात पंपाकडे जातो. लाल झालेल्या पत्र्यावर पाणी पडले तर एकदम वाफ उसळून दाब चढतो, आणि पत्रा व ट्यूबची टोके अचानक आकसून फुटतात. परीक्षकांचा पुढचा प्रश्न बहुधा हाच असतो : "पंप ऑटोवर असेल तर?" मोब्री पातळी पाहून पंप आपोआप सुरू करते. म्हणून नुसते पाणी देणार नाही म्हणणे पुरत नाही, पंपाचा स्विच ऑटोवरून काढून बंदवर ठेवायला हवा. सेफ्टी व्हॉल्व्ह उचलायचा नाही, वाफेच्या व्हॉल्व्हशी झटापट करायची नाही. दाब अचानक पडला तर आतले पाणी उकळून उसळते आणि तेच पत्र्यावर आदळते.

आता काच. परीक्षक कधी कधी कागदावर तीन कॉकचे चित्र काढून क्रम विचारतात. चालू कामात तिन्ही दांड्या खाली लोंबत असतात. स्टीम कॉक आणि वॉटर कॉक उघडे, ड्रेन कॉक बंद. बॉयलरच्या हादऱ्याने दांडी सैल झाली तरी ती स्वतःच्या वजनाने याच स्थितीत राहावी, म्हणून ही रचना. तपासताना ड्रेन उघडा. वॉटर कॉक बंद केल्यावर जोरात वाफ आली, तर वरची वाट मोकळी आहे. तो उघडून स्टीम कॉक बंद केल्यावर पाणी आले, तर खालची वाट मोकळी आहे आणि पाणी निदान वॉटर कॉकच्या तोंडाच्या वर आहे. ड्रेनबाहेर पडताना या तापलेल्या पाण्याचीही बरीच वाफ होते, त्यामुळे फरक डोळ्यांपेक्षा आवाजात आणि ओलाव्यात कळतो. तो रोजच्या सरावानेच ओळखता येतो. शेवटी स्टीम कॉक उघडून ड्रेन बंद करा. पाणी झटकन वर आले तर काच खरे बोलते.

खोटी पातळीही उत्तरात यायला हवी. खालची वाट क्षाराने बुजली असेल तर काचेत वाफ थंड होऊन पाणी साचते आणि पातळी हळूहळू चढते. आत पाणी संपत आले तरी काच भरलेली दिसते. वरची वाट बुजली तर काच भरून जाते. म्हणून दोन्ही काचा प्रत्येक पाळीत ब्लो करायच्या आणि त्यांची पातळी जुळते का ते पाहायचे.

आग बंद झाली, पंप थांबला, काच तपासली. त्यानंतर बॉयलर आपोआप थंड होऊ द्यायचा, वरिष्ठांना कळवायचे आणि लॉगबुकमध्ये वेळेसह नोंद करायची. फर्नेसचा माथा बसला आहे का, ट्यूबची टोके गळतात का, फ्युजिबल प्लग वितळला आहे का, हे तपासल्याशिवाय पुन्हा पेटवायचे नाही. अपघात झालाच असेल तर २४ तासांच्या आत निरीक्षकांना कळवणे कायद्याने बंधनकारक आहे.

ऑटोक्लेव्ह किंवा टायर रिट्रेडिंगच्या चेंबरवर काम करणाऱ्यांनी इथेच एक गोष्ट जोडून घ्यावी. अशी प्रेशर व्हेसल वाफ तयार करत नाही, बाहेरून घेते. तिच्या सुरक्षित दाबाची तरतूद २०२५ पर्यंत कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम ३१ मध्ये होती. तिथला घातक क्षण दार उघडण्याचा. १६ किलोच्या गेजवर ०.१ किलो दाब काट्यावर ओळखूही येत नाही. पण दाराचा व्यास १.२ मीटर असेल, तर क्षेत्रफळ सुमारे ११,३०० चौरस सेंटिमीटर होते आणि तेवढ्या दाबानेही दारावर अकराशे किलोंच्या वर जोर येतो. म्हणून गेजवर शून्य दिसले तरी व्हेंट पूर्ण उघडून त्यातून वाफ येणे थांबल्याची खात्री करायची, मगच लॉक सोडायचा.

या आठवड्याचा सराव : आपल्या बॉयलरचा नोंदणी क्रमांक, मंजूर दाब आणि तासाची वाफ कागदावर लिहा. अर्धी काच किती मिनिटांत रिकामी होईल ते काढा. मग सहकाऱ्याला परीक्षक करून "काच रिकामी" या प्रश्नाचे उत्तर कारणांसह मोठ्याने द्या. त्याने प्रत्येक पायरीवर "का?" विचारायचे. जिथे अडाल तिथे बॉयलरजवळ जाऊन ती वस्तू हाताने दाखवा. पुढच्या लेखांकात फीड वॉटर, क्षाराचा थर आणि ब्लोडाऊनवरचे प्रश्न घेऊ.