नाळेजवळचं दीड वीत पाणी

जहाज पाणी कापत जातं तेव्हा त्याच्या अंगाला पाण्याचं घर्षण होतं, हे सगळ्यांना माहीत असतं. ते घर्षण सबंध अंगावर एकाच जातीचं नसतं, हे मात्र फारसं सांगितलं जात नाही. नाळेजवळ ते एका नियमाने चालतं, मागे दुसऱ्या. दोन्हींची बेरीज करण्याची एक साधी रीत आहे, आणि ती चुकली तर जहाजाला किती ताकदीचं इंजिन लागेल याचा अंदाजही चुकतो.

गुळगुळीत पृष्ठभागाला अगदी चिकटलेलं पाणी पृष्ठभागाबरोबरच जातं. थोडं दूर गेलं की पाण्याला जहाजाची दखलही नसते. या दोहोंमधला पातळ थर म्हणजे सीमास्तर. लुडविग प्रांटल या जर्मन शास्त्रज्ञाने १९०४ मध्ये ही कल्पना मांडली आणि घर्षणाचा सगळा हिशेब त्या थरात आणून ठेवला. पुढच्या टोकाशी हा थर शांत असतो, पाण्याचे पदर एकमेकांवरून सरकत जातात. याला लॅमिनार प्रवाह म्हणतात. काही अंतरावर त्याचा तोल जातो, भोवरे उठतात आणि तिथून पुढे प्रवाह टर्ब्युलंट होतो. उदबत्तीचा धूर आधी सरळ रेघेत चढतो आणि मग एकाएकी विस्कटतो, तसंच हे.

भोवऱ्यांमुळे घर्षण वाढतं, कारण ते बाहेरचं वेगवान पाणी सतत पृष्ठभागाशी आणून घासतात. शांत थरात ही आवकजावक नसते.

हा तोल कुठे जातो, ते रेनॉल्ड्स आकड्यावरून ठरवतात. वेग गुणिले टोकापासूनचं अंतर, भागिले पाण्याची गतिक श्यानता. साध्या गोड्या पाण्यासाठी ही श्यानता म्हणजे एका चौरस मीटरचा सुमारे दहा लाखावा भाग दर सेकंदाला. सपाट गुळगुळीत फळीवर हा आकडा ५ लाखांच्या आसपास पोचला की प्रवाह बिघडतो, असं गणितासाठी धरतात.

आता एक फळी घेऊ. ४ मीटर लांब, अर्धा मीटर उंच, पाण्यात उभी बुडवलेली, म्हणजे दोन्ही बाजू मिळून ओलं क्षेत्रफळ ४ चौरस मीटर. तिला सेकंदाला दीड मीटर वेगाने ओढायचं. ५ लाखांचा आकडा टोकापासून ३३ सेंटिमीटरवर, म्हणजे दीड वितीवर येतो. तिथे शांत थराची जाडी जेमतेम सव्वादोन-अडीच मिलिमीटर असते. फळीच्या शेवटी टर्ब्युलंट थर साडेसहा सेंटिमीटरपर्यंत फुगतो.

प्रांटलची बेरीज तीन पायऱ्यांची आहे. आधी सगळी फळी टर्ब्युलंट आहे असं समजायचं. त्याचा घर्षणगुणांक काढताना ०.०७४ ला रेनॉल्ड्स आकड्याच्या पाचव्या मुळाने भागतात. आपल्या फळीवर त्यातून १४.७ न्यूटन घर्षण येतं. (एक न्यूटन म्हणजे साधारण १०० ग्रॅम वजनाचा जोर.) मग पुढच्या दीड वितीचं टर्ब्युलंट घर्षण वजा करायचं, कारण तिथे ते नाहीच. ते २ न्यूटन भरतं. शेवटी त्याच दीड वितीचं लॅमिनार घर्षण मिळवायचं. त्याचं सूत्र ब्लाझियसने १९०८ मध्ये दिलं: १.३२८ ला रेनॉल्ड्स आकड्याच्या वर्गमुळाने भागायचं. ते येतं फक्त ०.७ न्यूटन. एकूण १३.४.

फळीचा बारावा हिस्सा शांत राहिला, आणि घर्षण जवळजवळ नऊ टक्क्यांनी उतरलं.

या रितीत एक गृहीतक दडलेलं आहे. मागचा टर्ब्युलंट थर जणू टोकापासूनच सुरू झाला असावा, असं ती धरते. खरं तर शांत थर पातळ राहिल्याने मागचा थर 'तरुण' असतो आणि थोडं जास्त घासतो. ते जमेस धरून हिशेब केला की बेरीज १४ न्यूटनच्या जवळ जाते. म्हणून १३.४ हा दशांशापर्यंत खरा आकडा समजू नये.

आता फळी सोडून जहाजाकडे येऊ. इंग्लंडमध्ये टॉर्की इथे विल्यम फ्रूडने १८७२ मध्ये प्रयोगाचा हौद उभारला. त्याने निरनिराळ्या लांबीच्या फळ्या ओढून घर्षण मोजलं आणि तिथून पुढे जहाजाची प्रतिकृती ओढून मोठ्या जहाजाचा विरोध सांगण्याची पद्धत रुळली. प्रतिकृतीचा एकूण विरोध मोजायचा, तेवढ्याच ओल्या क्षेत्रफळाच्या सपाट फळीचं घर्षण त्यातून वजा करायचं, आणि उरलेला, मुख्यतः लाटांचा, भाग जहाजाच्या मापाला वाढवायचा. जहाजाचं घर्षण वेगळं काढून त्यात मिळवायचं.

आपली फळी १०० मीटर लांबीच्या जहाजाच्या २५ पट लहान प्रतिकृतीची आहे असं समजा. प्रतिकृतीचा दीड मीटर वेग म्हणजे जहाजाचा साडेसात मीटर, सुमारे साडेचौदा नॉट. त्या जहाजावर ५ लाखांचा आकडा नाळेपासून चार बोटांच्या आतच गाठला जातो. शंभर मीटरमध्ये चार बोटं! शांत भागाचा फायदा तिथे शून्यच धरायचा. रंगाचा खडबडीतपणा आणि चिकटलेले शिंपले तर वेगळेच.

घोळ इथेच होतो. प्रयोग करणाऱ्याने सगळी प्रतिकृती टर्ब्युलंट मानून १४.७ न्यूटन वजा केले आणि खरं घर्षण १३.४ होतं, तर लाटांचा विरोध १.३ न्यूटन कमी दिसतो. हा भाग जहाजाला लावताना २५ च्या घनाने, म्हणजे १५,६२५ ने गुणतात. समुद्राच्या जड पाण्यासह ती चूक सुमारे २१ हजार न्यूटन होते. जहाजाच्या गुळगुळीत अंगाचं एकूण घर्षणच १ लाख १७ हजार न्यूटनांच्या घरात आहे. साडेसात मीटर वेगाला ही तूट २०० अश्वशक्तीहून अधिक पडते, आणि चूक याच्या निम्मी असती तरी ती दुर्लक्षून चाललं नसतं.

शिवाय ५ लाख हा आकडा काही दगडावरची रेघ नाही. पाणी अगदी स्तब्ध असेल तर गुळगुळीत फळीवर प्रवाह ३० लाखांपर्यंतही शांत राहू शकतो. मग निम्मी फळी लॅमिनार राहील आणि घर्षण ८ न्यूटनवर उतरेल. फळी तीच, वेग तोच. म्हणून हौदातली ओळखीची खूण अशी: एकाच वेगाला पुन्हा पुन्हा केलेल्या चाचण्यांचे आकडे जुळत नाहीत, आणि मंद वेगाकडे विरोधाचा आलेख अकारण खाली झुकतो. बराच वेळ हौद निवांत राहिल्यावर घेतलेली पहिली धाव नंतरच्या धावांपेक्षा हलकी भरली, तरी संशय घ्यावा.

यावरचा उपाय उलटा वाटेल असा आहे. प्रतिकृतीच्या नाळेमागे, लांबीच्या सुमारे पाच टक्क्यांवर, मिलिमीटरभर जाडीची तार बसवतात, किंवा वाळूची पट्टी नाहीतर बारीक खुंट्यांची रांग लावतात. ती मुद्दाम प्रवाह बिघडवते, म्हणजे बाकी अंग मोठ्या जहाजासारखंच टर्ब्युलंट राहतं. तारेपुढचा थोडा भाग शांतच राहतो, आणि तारेचा स्वतःचा विरोध त्या तुटीची बरीचशी भरपाई करतो. तार लावल्यावर विरोध एकदम चढला, तर आधीच्या चाचणीत शांत पाणी लपलेलं होतं, हे समजावं.

प्रतिकृतीच्या चाचणीचा अहवाल कधी हाती आला, तर विरोधाचा आलेख पाहण्याआधी तार कुठे आणि किती जाडीची लावली ती ओळ शोधा. ती ओळच नसेल, तर मंद वेगाच्या आकड्यांवर विसंबू नका.